दिसेनासा झालेला धूर



घरांतील कर्ता पुरुष जेवणानंतर खिडकीशीं उभा राहून सिगारेट ओढतो, थोटूक विझवितो, पंखा सुरू करितो, आणि पांच मिनिटांनीं खोली स्वच्छ झाली असें समजून पाळण्यांतल्या मुलाला उचलून घेतो. त्याच्या मनांत मुलाविषयीं प्रेम नाहीं असें कोण म्हणेल? प्रेम आहे म्हणूनच तो खिडकीशीं जाऊन उभा राहिला. उणीव प्रेमांत नाहीं, एका समजुतींत आहे. धूर दिसेनासा झाला म्हणजे तो गेला, ही ती समजूत होय. आजच्या भाषणांत या एकाच समजुतीचा विचार करावयाचा आहे.

प्रथम हा धूर येतो कोठून तें पाहूं. आपल्याला वाटतें, ओढणारा धूर आंत घेतो आणि उरलेला बाहेर सोडतो, तोच घरांत पसरतो. वस्तुतः घरांतील धुराचा मोठा भाग त्याच्या तोंडांत कधीं गेलेलाच नसतो. एक सिगारेट सहा-सात मिनिटें जळते. तेवढ्या वेळांत ओढणारा दहाएक झुरके घेतो आणि एका झुरक्याला दोनेक सेकंद लागतात. म्हणजे प्रत्यक्ष ओढण्याचा काळ अर्ध्या मिनिटाहून कमीच झाला. बाकीचा सारा वेळ ती सिगारेट बोटांत किंवा रक्षापात्राच्या कडेवर आपली आपण जळत असते, आणि तिच्या टोकांतून निघणारी निळसर रेघ सरळ घरांत जाते.

ही रेघ झुरक्याच्या धुरापेक्षां सौम्य असेल असें मात्र समजूं नये. चुलीचा अनुभव ज्यांना आहे त्यांना याचें कारण लगेच कळेल. फुंकणीनें वारा घातला कीं लाकूड ज्वाळेनें पेटतें आणि धूर कमी होतो. फुंकणी खालीं ठेविली कीं तेंच लाकूड धुमसूं लागतें आणि स्वयंपाकघर धुरानें भरतें. सिगारेटचेंही तसेंच आहे. झुरका घेतांना टोकाची उष्णता सुमारें ९०० अंशांपर्यंत चढते. मधल्या काळांत ती ६०० अंशांच्या आसपास उतरते. ज्वलन अर्धवट होतें आणि अर्धवट ज्वलनांत कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया व कर्करोगास कारण होणारीं कित्येक द्रव्यें झुरक्याच्या धुरापेक्षां अधिक प्रमाणांत निर्माण होतात. शिवाय ओढणाऱ्याच्या धुराला निदान टोकाची बोळी तरी आडवी येते. या धुराला कांहींच आडवें येत नाहीं. दुसऱ्याच्या ओढण्यामुळें आपल्या श्वासांत येणाऱ्या अशा धुराला इंग्रजींत सेकंडहँड स्मोक म्हणतात. आपण त्याला परका धूर म्हणूं.

आतां मास्तरकीच्या संवयीप्रमाणें एक लहानसें उदाहरण फळ्यावर मांडतों. श्रोत्यांनीं घाबरूं नये. गुणाकार-भागाकारापलीकडे त्यांत कांहीं नाहीं. समजा, बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी एक खोली आहे. तिच्यांत बाराशें घनफूट, म्हणजे सुमारें ३४ घनमीटर हवा मावते. एका सिगारेटमधून सुमारें १२ मिलिग्रॅम सूक्ष्म कण हवेंत जातात. हे कण इतके बारीक असतात कीं केसाच्या जाडीमध्यें त्यांतले शेंकडों शेजारीं शेजारीं बसतील. १२ मिलिग्रॅमला ३४ नें भागलें म्हणजे दर घनमीटरला सुमारें ३५० मायक्रोग्रॅम आले. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं ठरविलेली चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम आहे. आपल्या देशाची मर्यादा ६० आहे.

एक क्षण ३५० असलें म्हणून काय झालें, हवा तर बदलते, असें कोणी म्हणेल. तेंही हिशेबांत धरूं. खिडकी थोडी उघडी असतां खोलीची हवा साधारणतः तासाला एकदां बदलते असें माना. एकदां बदलते म्हणजे तासाभरानें सारा धूर गेला, असें मात्र होत नाहीं. कारण बाहेरची हवा आंतल्या हवेंत मिसळते आणि मिश्रण बाहेर जातें. उसाच्या रसाच्या पेल्यांत वरून पाणी ओतीत राहिलें तर पेलाभर पाणी ओतल्यावरही रस गोडच लागतो, तशांतला हा प्रकार. तासानंतर सुमारें १३० उरतात, दोन तासांनंतर ४७, आणि तीन तास लोटल्यावर कोठें १७. डोळ्यांना दिसणारा धूर तर पहिल्या दहा मिनिटांतच विरून गेलेला असतो. या साऱ्याची चोवीस तासांची सरासरी काढली तर एका सिगारेटनें त्या खोलींत सुमारें १५ मायक्रोग्रॅमची भर टाकली असें निघतें. म्हणजे दिवसभर त्या खोलींत निजणाऱ्या अर्भकाच्या वांट्याची सारी मर्यादा एकट्या सिगारेटनें संपविली. रस्त्यावरील धूळ, मोटारींचा धूर, शेजारचा भट्टीवाला यांचा हिशेब अजून सुरूच व्हावयाचा आहे. अशा चार-पांच सिगारेटी झाल्या तर आपल्या देशाची अधिक सैल मर्यादाही ओलांडली जाते. हवा थंड करण्याचें यंत्र लावून दारें-खिडक्या बंद केल्या आणि हवा दोन तासांनीं एकदां बदलूं लागली, तर हाच आंकडा दुप्पट होतो.

हा हिशेब ढोबळ आहे हें सांगितलें पाहिजे. कांहीं कण भिंतींवर बसतात, वारा असला तर हवा लौकर बदलते, सगळ्या सिगारेटीही सारख्या नसतात. परंतु त्यावरून पंख्याचें खरें काम कळून येतें. छताचा पंखा धुराला घराबाहेर काढीत नाहीं; तो खिडकीशीं असलेला धूर पाळण्यापर्यंत समभागानें वांटून देतो. हवा शुद्ध करणारीं यंत्रें हल्लीं मिळतात, त्यांची चाळणी कण पकडते, पण वायुरूप द्रव्यें बहुतांशीं तिच्यांतून निघून जातात. अमेरिकेच्या सर्जन जनरलनें २००६ सालच्या अहवालांत हा सारा पुरावा तपासून असा निर्णय दिला कीं, या धुराची निर्धोक अशी मात्रा नाहीं, आणि वेगळी खोली, खेळती हवा किंवा यंत्रें यांनीं घरांतल्या न ओढणाऱ्यांचें पूर्ण रक्षण होत नाहीं.

यांत मुलेंच अधिक कां सांपडतात? मोठें माणूस स्वस्थ बसलें असतां मिनिटाला बारा ते सोळा वेळां श्वास घेतें. तान्हें मूल तीस-चाळीस वेळां घेतें. वजनाच्या मानानें पाहिलें तर त्याच खोलींतली हवा त्याच्या शरीरांत कितीतरी अधिक जाते. त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात. मोठ्याच्या नळीला आंतून थोडी सूज आली तर खोकल्यावर भागतें; तेवढ्याच सुजेनें मुलाची नळी जवळजवळ मिटते आणि छाती वाजूं लागते. म्हणून धुराच्या घरांतील मुलांना दमा असल्यास त्याचे झटके अधिक येतात व जोराचे येतात, आणि पहिल्या दोन वर्षांत फुप्फुसांचा दाह अधिक होतो. निजलेल्या अर्भकाला कसलेंही कारण न दिसतां मृत्यु येण्याचा जो दुर्दैवी प्रकार आहे, त्याचाही संभव अशा घरांत वाढतो. हें आतां निर्विवाद ठरलें आहे. मोठें माणूस खोकला आला तर उठून ओसरीवर जाईल. पाळण्यांतल्यानें कोठें जावें?

एका अपायाकडे मात्र पालकांचें लक्ष फारसें जात नाहीं, आणि शिक्षकाला तो वर्गांत भेटतो, म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें बोलतों. नाकाच्या मागच्या बाजूपासून कानाच्या पडद्यामागील पोकळीपर्यंत एक बारीक नळी जाते. पडद्यामागची हवा खेळती ठेवणें आणि तेथला ओलावा घशांत उतरविणें हें तिचें काम. मोठ्या माणसांत ती उतरती असते. मुलांत आंखूड व जवळजवळ आडवी असते. धुरानें तिचें अस्तर सुजतें आणि तेथील सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते. मग पडद्यामागें पाणी सांचतें. तें पिकलें तर कान ठणकतो, मूल रडतें आणि डॉक्टर येतात. परंतु पुष्कळदां तें पिकत नाहीं, दुखत नाहीं, तापही येत नाहीं. फक्त ऐकूं कमी येतें.

माझ्या पस्तीस वर्षांच्या शिक्षकींत तिसरी-चौथीच्या वर्गांत असा एखादा मुलगा बहुधा असेच. अशाच एका मुलाची गोष्ट सांगतों. तो हुषार होता, फळ्यावरचें गणित सर्वांच्या आधीं सोडवी, परंतु शुद्धलेखनाच्या तासाला 'पाट' सांगितलें तर 'बात' लिही. हांक मारली तर वर पाही, पण पाठ फिरवून बोललों तर त्याचा पत्ताच नसे. घरच्यांना तो हट्टी वाटे. शाळेच्या तपासणीला आलेल्या डॉक्टरांनीं कानांत पाहिलें तेव्हां दोन्ही पडद्यांमागें पाणी निघालें. चौकशी करतां समजलें कीं बिऱ्हाड एका खोलीचें, वडील रात्रपाळीहून येऊन दाराशीं बसून ओढीत आणि मुलगा तेथेंच निजलेला असे. सर्दी-पडसें, वाढलेल्या गांठी यांनींही असें पाणी होतें, तेव्हां एका उदाहरणावरून धुरालाच दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु धुराच्या घरांत असे कान अधिक आढळतात हें पुष्कळ पाहण्यांवरून सिद्ध झालें आहे. ज्यांच्या घरीं कोणी ओढतें आणि मूल 'काय, काय?' असें वारंवार विचारतें किंवा आकाशवाणीचा आवाज वाढवितें, त्यांनीं त्याचा कान दाखवावा.

मोठ्यांचा पुरावा जपानमधून आला, आणि तो कसा मिळाला हें मौजेचें आहे. त्या काळीं जपानांत पुरुष पुष्कळ ओढीत आणि बायका जवळजवळ ओढीत नसत. म्हणजे नवऱ्याच्या धुराचा बायकोवर काय परिणाम होतो हें पाहण्यास जणूं प्रयोगशाळाच. हिरायामा नांवाच्या शास्त्रज्ञांनीं चाळिशीपुढच्या, स्वतः न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षें नोंद ठेविली आणि १९८१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांचे नवरे दिवसाला वीस किंवा अधिक सिगारेटी ओढीत, त्यांच्यांत फुप्फुसाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु न ओढणाऱ्यांच्या बायकांच्या सुमारें दुप्पट होते. कमी ओढणाऱ्यांच्या बायकांत ते या दोहोंच्या मधल्या प्रमाणांत होते. जितका धूर तितका अपाय, अशी ही चढती पायरीच मला अधिक बोलकी वाटते. तंबाखूच्या कंपन्यांनीं त्यावर बराच गदारोळ केला. पण पुढें निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्यांनीं तीच दिशा दाखविली. मात्र कर्करोगापेक्षांही या धुरानें हृदयविकार होऊन मरणारे संख्येनें पुष्कळ अधिक असतात, ही गोष्ट अजून लोकांत म्हणावी तशी पसरलेली नाहीं.

हुक्क्याविषयीं एक निराळाच भ्रम आहे. धूर पाण्यांतून येतो, म्हणून तो धुतला जातो, असें पुष्कळांना वाटतें. पाण्यानें धूर थंड होतो आणि घशाला मऊ लागतो एवढेंच. निकोटीन व सूक्ष्म कण यांचा बराच मोठा भाग बुडबुड्यांच्या पोटांत बसून पार होतो. शिवाय घरांतल्या इतरांना या पाण्याचा काय उपयोग? चिलमीवर ठेविलेला जळता कोळसा पाण्याच्या वर, उघड्या हवेंत असतो. सिगारेट सहा-सात मिनिटांत संपते. हुक्क्याची बैठक तासभर चालते आणि तेवढा वेळ निखारा खोलींत कार्बन मोनॉक्साइड सोडीत राहतो. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील प्राणवायु वाहणाऱ्या द्रव्याला तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बैठकीच्या खोलींत निजलेल्या मुलाचें किंवा आजीचें डोकें दुखलें, मळमळलें, चक्कर आली, तर आपण पित्त झालें म्हणतों आणि सुंठसाखर देतों. बाहेर मोकळ्या हवेंत नेल्यावर बरें वाटलें तर पित्ताचा संशय सोडून कोळशाकडे पाहावें; आणि कोणी पेंगूं लागलें किंवा भान हरपलें, तर विलंब न लावितां दवाखान्यांत न्यावें. हल्लीं तंबाखू नसलेला, नुसत्या फळांच्या स्वादाचा हुक्का म्हणून जो विकला जातो, त्यांत निकोटीन नसेल. कोळसा मात्र तोच असतो. महाराष्ट्रांत हुक्क्याच्या उपाहारगृहांवर २०१८ सालीं कायद्यानें बंदी आली. घरांतील दिवाणखान्यावर देखरेख करणारा कोणी नाहीं.

येथपर्यंत हवेंतल्या धुराचें झालें. हवा अखेर बदलते. परंतु सगळा धूर हवेबरोबर जात नाहीं. कांहीं भाग भिंतींवर, पडद्यांवर, गादींत, सतरंजींत आणि ओढणाऱ्याच्या सदऱ्यांत मुरतो. लोणच्यांत मीठ मुरावें तसा. मग तो दिवसेंदिवस, महिनेन् महिने थोडा थोडा परत हवेंत सुटत राहतो. पुष्कळ दिवस बंद असलेली अशी खोली उघडली म्हणजे जो कुबट वास येतो, तो याचाच. इंग्रजींत याला थर्डहँड स्मोक म्हणतात. आपण मुरलेला धूर म्हणूं. यांत केवळ जुनें निकोटीनच असतें असेंही नाहीं. अमेरिकेंतील बर्कले येथील शास्त्रज्ञांनीं २०१० सालीं दाखवून दिलें कीं, भिंतींवर बसलेलें निकोटीन हवेंतील नायट्रस आम्लाशीं संयोग पावून कर्करोगकारक अशीं नवीं द्रव्यें तयार करितें. आणि हें आम्ल कोठून येतें? मोटारींच्या धुरांतून, आणि ज्याला धुरांडें नाहीं अशा गॅसच्या शेगडीपासून. आपल्या शहरी घरांत या दोन्ही गोष्टींची वाण नाहीं.

आतां खिडकींतून गच्चीवर गेलेल्या वडिलांकडे वळूं. अमेरिकेंतील सॅन डिएगो येथें तान्हीं मुलें असलेल्या कुटुंबांची पाहणी करून तिचा निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाला. निकोटीन शरीरांत गेलें म्हणजे त्याचें कोटिनिन होतें आणि तें लघवींत उतरतें. तेव्हां मुलाच्या अंगांत खरोखर किती धूर गेला हें त्यावरून मोजतां येतें, बापाच्या सांगण्यावर विसंबावें लागत नाहीं. घरांत ओढणाऱ्यांच्या मानानें, बाहेर जाऊन ओढणाऱ्यांच्या घरांत हें प्रमाण तिसऱ्या ते आठव्या हिश्श्याइतकें उतरलेलें आढळलें. म्हणजे बाहेर जाणें फुकट नाहीं. परंतु कोणीच न ओढणाऱ्या घरांपेक्षां तें तरीही पांच ते सात पट होतें. दाराच्या फटींतून कांहीं आला असेल. कांहीं सदऱ्यावरून, बोटांवरून, आणि शेवटच्या झुरक्यानंतर थोडा वेळ जो उच्छ्वासांतून निघत राहतो त्यांतून आला असेल. रांगणारें मूल जमिनीवरची धूळ हातांनीं उचलतें व हात तोंडांत घालतें. कडेवरचें मूल बापाच्या खांद्यालाच तोंड लावतें.

मुरलेल्या धुराबद्दल येथें एक मर्यादा ध्यानांत ठेवावी. परक्या धुरानें होणारे रोग माणसांत जसे मोजून सिद्ध झाले आहेत, तसें नुसत्या मुरलेल्या धुराबद्दल अजून म्हणतां येत नाहीं. तो मुलांच्या शरीरांत जातो हें सिद्ध आहे, त्यांतील द्रव्यें घातक आहेत हेंही सिद्ध आहे. त्यानें अमुक मूल आजारी पडलें, असें मात्र बोट दाखवितां येत नाहीं. म्हणून जो ओढणारा आज घरांत ओढतो, त्याची पहिली पायरी उंबऱ्याबाहेर जाण्याची. गॅलरींत उभें राहून दार उघडें ठेवणें म्हणजे बाहेर जाणें नव्हे. दार लोटून घ्यावें, परत आल्यावर वरचा सदरा बाहेरच टांगावा, हात-तोंड साबणानें धुवावें, आणि कांहीं वेळ जाऊं देऊन मग मुलाला घ्यावें. ज्याला सोडावयाचीच आहे त्याला सरकारी मदतीचा दूरध्वनी क्रमांक पाकिटावरच छापलेला आढळेल. पुष्कळांनीं तो कधीं वाचलेला नसतो.

शेवटीं भाड्याचें घर शोधणाऱ्यांसाठीं दोन शब्द. सॅन डिएगोच्याच मंडळींनीं पुढें ओढणारे भाडेकरू सोडून गेलेलीं घरें तपासलीं. घरें सरासरी दोन महिने रिकामीं होतीं, झाडून-पुसून तयार केलेलीं होतीं. तरी नव्या, न ओढणाऱ्या भाडेकरूंच्या बोटांवर निकोटीन सांपडलें. तेव्हां घर पाहावयास जाल तेव्हां तें आधीं बंद ठेवावयास सांगा आणि दार उघडतांच वास घ्या. उदबत्तीचा वास दरवळत असेल तर दुसऱ्या दिवशीं न सांगतां पुन्हां जा. पांढरें फडकें ओलें करून कपाटाच्या वरच्या फळीवर आणि दाराच्या चौकटीच्या माथ्यावर फिरवा. तें पिवळट, चिकट झालें तर कारण विचारा. घर घेणें भागच असेल तर भिंती व छत गरम साबणाच्या पाण्यानें दोन-तीन वेळां धुवून मगच रंग द्यावा. न धुतां वर चढविलेल्या रंगांतून तो डाग आणि वास कालांतरानें पुन्हां वर येतो. पडदे धुतले तर बरेच निवळतात. गादी, उशा आणि जाड गालिचे यांच्या पोटांत गेलेला धूर मात्र उन्हानें वा झटकण्यानें निघत नाहीं. ते मालकाला परत करून आपल्या गाद्या घेऊन जाव्या.